पासष्ट नव्हे, पंधरा हजारांवर मोजली जाते पेन्शन

पत्र: मी इंदूरला राहतो आणि पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी करतो. बेसिक व महागाई भत्ता मिळून पगार 65,000 आहे. 1998 पासून साधारण 28 वर्षे सेवा झाली. मध्ये सप्टेंबर 2006 मध्ये कंपनी बदलली, तेव्हा फ्लॅटसाठी पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढले होते. 65,000 गुणिले 28 भागिले 70 म्हणजे 26,000 पेन्शन होते. या सप्टेंबरात, 2025 मध्ये, 55 पूर्ण होताच नोकरी सोडून ती घेतली, तर 12 टक्के कापून जवळपास 23,000 मिळतील. त्यातून दरमहा 18,000 हप्त्याची ‘गॅरंटीड पेन्शन’ पॉलिसी घेतली आहे. कागद गेल्या आठवड्यात आले. 55 ला घ्यावी की 58 पर्यंत थांबावे?

उत्तर: राजीनामा दिला नसेल, तर देऊ नका. सूत्र तुम्ही बरोबर लिहिले आहे, पण त्यात घातलेले दोन्ही आकडे चुकीचे आहेत.

आधी पगार पाहू. कर्मचारी पेन्शन योजना, 1995 मध्ये शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी धरतात, परंतु या पगाराला सप्टेंबर 2014 पासून 15,000 ची मर्यादा आहे आणि त्याआधीच्या सेवेसाठी ती 6,500 आहे. त्यामुळे पगार 65,000 असो वा एक लाख, सूत्राला तो दिसत नाही. तुमच्या पासबुकात पेन्शन खात्याचा स्तंभ उघडून पाहा. तिथे दरमहा 1,250 जमा होत असतील, तर ते 15,000 चे 8.33 टक्के आहेत, आणि मालकाच्या वाट्यातील उरलेली रक्कम तुमच्या पीएफमध्ये गेली आहे. वाढीव पगारावर पेन्शन घेण्याच्या संयुक्त पर्यायाची मुदतही 11 जुलै 2023 रोजी संपली. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन हे गणित राज्य सरकारच्या जुन्या योजनेतले. त्या नोकरीतल्या नातेवाइकाकडे पाहून आपला हिशेब मांडू नये.

आता सेवा. 2006 मध्ये फॉर्म 10सी भरून तुम्ही जे काढले, ते पहिल्या कंपनीतील साडेआठ वर्षांचे पेन्शनचे हक्क होते. दहा वर्षे पूर्ण नसतानाही त्याच फॉर्मवर योजना प्रमाणपत्र मागता आले असते आणि ती वर्षे पुढच्या सेवेला जोडली गेली असती. रोकड घेतल्यामुळे ती कायमची गेली. म्हणून तुमची सेवा 28 नव्हे, 19 वर्षे आहे.

तिचे दोन तुकडे करून मोजतात. ऑगस्ट 2014 पर्यंतची 8 वर्षे 6,500 वर धरली, तर सुमारे 740 रुपये येतात. नंतरची 11 वर्षे 15,000 वर धरली, तर सुमारे 2,360. एकूण 3,100. तीन वर्षे आधी घेतल्याची दरसाल 4 टक्के कपात केली की हातात सुमारे 2,700 उरतात, आणि त्यावर महागाई भत्ता नसतो. अठरा हजारांचा हप्ता यातून कसा भरणार होतात?

थांबल्यास मात्र सूत्र तुमच्या बाजूने वळते. 58 ला सेवा 22 वर्षे होईल, आणि वीस वर्षे पूर्ण करून 58 ला निवृत्त होणाऱ्याच्या सेवेत दोन वर्षे अधिक धरतात. 55 ला सोडल्यास ही दोन वर्षे मिळत नाहीत. 58 ला पेन्शन 4,100 च्या आसपास जाईल. तीन वर्षे न घेतलेल्या 2,700 चे साधारण 97,000 होतात आणि दरमहाच्या 1,400 च्या फरकातून ते सहाएक वर्षांत, म्हणजे 64 व्या वर्षापर्यंत, भरून निघतात. तरीही हा फरक दुय्यम आहे. तीन वर्षांचा पगारच 23 लाखांहून अधिक आहे, आणि पूर्ण पगारावर पीएफ कापला जात असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून दरमहा चौदा हजारांहून अधिक पीएफमध्ये जमा होत राहतील. तुमच्या म्हातारपणाचा मुख्य आधार ती रक्कम आहे, पेन्शन नव्हे.

राहिली पॉलिसी. ज्याने ती विकली, त्याने तुमचे पासबुक एकदाही मागितले नाही, हे पत्रावरूनच दिसते. 26,000 चा आकडा त्याच्या सोयीचा होता. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते आणि जोखमीचे व मुद्रांक शुल्काचे किरकोळ पैसे कापून हप्ता परत मिळतो. तुमचा एक आठवडा गेला आहे. एजंटला फोन करू नका, तो ‘थोडे थांबा’ म्हणत मुदत संपवेल. कंपनीच्या शाखेत स्वतः जाऊन लेखी अर्ज द्या आणि तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या.