अंतरिम लाभांशाचा पहिला ठराव लिहिताना

तुमच्या मसुद्यात '१५% अंतरिम लाभांश' एवढंच आहे. १५% कशावर? टक्केवारी दर्शनी मूल्यावर धरतात, पण वाचणाऱ्याला अंदाज करायला लावू नका. सरळ लिहा: '१० रुपये दर्शनी मूल्याच्या, पूर्ण भरणा झालेल्या ५,००,००० समभागांवर प्रति समभाग १.५० रुपये, एकूण ७,५०,००० रुपये.'

नवख्यांचा खरा घोटाळा तारखांचा होतो. रेकॉर्ड तारीख फक्त एवढंच ठरवते की त्या दिवशी सभासद नोंदवहीत ज्याचं नाव, त्याला पैसे. कायद्याची मुदत मात्र संचालक मंडळाने लाभांश जाहीर केला त्या दिवसापासून धावते. सभा १० नोव्हेंबरला झाली, तर रक्कम १५ नोव्हेंबरपर्यंत शेड्यूल्ड बँकेतल्या स्वतंत्र खात्यात जमा हवी आणि वाटप १० डिसेंबरपर्यंत. रेकॉर्ड तारीख ५ डिसेंबर ठेवलीत तर यादी, टीडीएस आणि बँकेचं काम पाच दिवसांत कोंबावं लागेल. खासगी कंपनी आहे, १७ नोव्हेंबर ठेवा.

पैसे देण्याच्या कलमात हे नेमकं हवं:
- बँक, शाखा आणि लाभांश खातं उघडण्याची परवानगी
- सह्या कोणाच्या, एकट्याची चालेल की दोघांच्या मिळून (हे मोघम असलं की बँक ठराव परत पाठवते)
- टीडीएस कापून भरण्याचा अधिकार कोणाला

चालू वर्षात तोटा असेल तर दरावर मर्यादा येते. तो विषय तूर्त बाजूला ठेवू.