‘क्लोजर’ दिसलं की आधी काय अडकलंय ते बघ

तू बेळगावच्या इंग्रजी बातम्या मराठीत आणायला घेतल्यास, म्हणून हे एवढंच सांगतो. समज, खानापूरजवळ मलप्रभेच्या पुरात मुलगा वाहून गेला आणि तो सापडलाच नाही. बातमीत लिहिलंय, आईला ‘क्लोजर’ मिळालं नाही. कोश उघडून ‘समारोप’ लिहिलास तर सभा अर्ध्यात सुटल्यासारखं वाटेल.

आधी विचार, तिचं काय अडलंय? मृतदेह, उत्तर, निकाल की कुणाची माफी? इथे काय झालं हेच तिला कळलेलं नाही. म्हणून लिही: ‘पोराचं नक्की काय झालं, ही रुखरुख तिच्या मनातून गेली नाही.’ मराठीत ‘क्लोजर’ला नेमका शब्द नाही, पण ते नसण्याला आहेत, त्यामुळे नकारातून गेलास की वाट सापडते. ‘क्लोजर मिळालं’ असेल तर रुखरुख संपली म्हणायचं. चुटपुट मात्र वेगळी, ती आपल्या हातून काही राहून गेल्याची.

कोर्टाचा निकाल लागला की ‘सोक्षमोक्ष लागला’ चालतं, पण तो प्रकरणाचा; मनाचा लागेलच असं नाही. दोन्ही सांगायचं असेल तर दोन वाक्यं कर, शब्द वाढले तरी चालतील.

मानसोपचारावरच्या लेखात मात्र हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. तिथे पहिल्यांदा अर्थ उलगडून पुढे सरळ ‘क्लोजर’च ठेव. प्रतिशब्द घडवायला गेलास तर अर्थातलं काही निसटतं: ‘नॉस्टॅल्जिया’साठी ‘स्मरणरंजन’ रूढ आहे, पण त्यात रंजन उरतं आणि कळ गळून जाते.