केस तपासा, दोन्ही अर्थांनी

प्रश्न: गाणं चालू असताना माझे इअरबड्स मधेच आपोआप पॉज होतात. कानातून काढलेले नसतात, बॅटरीही भरपूर असते. सेन्सर गेला का? नवे घ्यावे लागतील?

बहुतेक वेळा सेन्सर गेलेला नसतो, फसलेला असतो. पण आधी तो सेन्सरच आहे का ते बघा. पुढच्या वेळी गाणं थांबलं की लगेच फोनची स्क्रीन पाहा. प्लेअरमध्ये वेळ पुढे सरकतोय आणि नुसता आवाज येत नाहीये, तर भानगड ब्लूटूथची आहे आणि हे उत्तर तुमच्या कामाचं नाही. गाणं खरोखर थांबलंय, प्लेचा त्रिकोण दिसतोय आणि बड्स अजून जोडलेले आहेत, तर बडनेच फोनला 'थांब' असा निरोप धाडलाय.

हा निरोप बाहेरच्या टच पॅनलवरूनही जातो आणि आतल्या कान ओळखणाऱ्या सेन्सरकडूनही. म्हणून दोन दिवस सेन्सरची सोय बंद ठेवा. एअरपॉड्स असतील तर आयफोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये नावासमोरच्या i वर गेलं की Automatic Ear Detection सापडेल. बाकी बड्सच्या अ‍ॅपमध्ये ते साधारण In-ear detection किंवा Wear detection या नावाने असतं. बंद केल्यावर त्रास थांबला तर चोर सापडला. तरीही थांबत असेल तर टच पॅनलला ओढणी, टोपी किंवा बट लागतेय का बघा. बड्स एकाच वेळी लॅपटॉपलाही जोडलेले असतील तर तोही मधे तोंड घालतो.

आता चोर कसा फसतो ते. बडच्या आतल्या बाजूला, कानाला टेकते तिथे, एक काळी चकचकीत टिकली दिसेल. ती इन्फ्रारेड सेन्सरची खिडकी. तिच्यामागचा छोटा दिवा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो, तो त्वचेवरून परत येतो आणि शेजारचा डिटेक्टर किती परत आला ते मोजतो. भरपूर आला तर बड कानात, कमी आला तर बाहेर. सगळा हिशेब काही मिलिमीटर अंतराचा आहे. कान आणि खिडकी यांच्यात बट अडकली की बड किंचित उचलला जातो, प्रकाश वेडावाकडा उधळतो आणि बडला वाटतं आपल्याला काढलं. बोलताना किंवा काही चावताना जबडा हलतो, त्याने कानाचा आकारही थोडा बदलतो. सैल बसलेला बड तेवढ्यानेही दगा देतो. चिवडा खाताना गाणं थांबणं हे काही भुताटकीचं लक्षण नाही. रबरी टिप एक माप मोठी लावून बघा. काही नव्या बड्समध्ये त्वचाच ओळखणारे सेन्सर असतात, ते सहसा एवढे भोळे नसतात.

मळाचं मात्र दुहेरी आहे. कानातला मळ खिडकीवर जाड बसला तर प्रकाश अडतो आणि गाणं थांबतं. पण तेलाचा पातळ थर असेल तर दिव्याचा प्रकाश त्या थरातूनच थेट डिटेक्टरकडे वळू शकतो. मग बड काढून टेबलावर ठेवला तरी गाणं चालूच राहतं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बड्सना दोन्ही दुखणी होती. तिचे केस लांब, रविवारी खोबरेल तेल, आणि सोमवारी सकाळी लोकलमध्ये दर दोन मिनिटांनी गाणं बंद. आम्ही बोटाची परीक्षा केली. गाणं लावायचं, दोन्ही बड कानात ठेवायचे, मग एकच बाहेर काढून त्याच्या खिडकीवर बोट ठेवायचं. तो फसून 'कानात आहे' समजला पाहिजे, आणि बोट उचललं की गाणं थांबलं पाहिजे. थांबलेलं गाणं बोट ठेवल्यावर आपोआप सुरू झालं नाही तर प्ले दाबून घ्या. तिचा उजवा बड पहिल्या फटक्यात पास झाला. डावा बोट ठेवूनही अधूनमधून थांबायचा. उजेडात तिरका धरला तर खिडकीवर तेलकट इंद्रधनुष्य दिसत होतं. वर तिने बड पडू नये म्हणून सिलिकॉनचं कव्हर चढवलं होतं आणि त्याची कड बरोबर अर्ध्या खिडकीवर येत होती. कव्हर काढलं, खिडकी पुसली, लोकलमधला त्रास गेला.

पण ऑफिसातला गेला नाही. तिथे ती उजवा एकच बड लावते, डावा डबीत. तरीही गाणं थांबायचं. मला आधी वाटलं की ही केसांमधून हात फिरवत बसते, म्हणून होत असेल. मग फोनवर दोन्ही बड्सची बॅटरी दाखवणारी खिडकी उघडून ठेवली. डावा बड डबीत असताना कधी चार्ज होताना दिसे, कधी नुसताच जोडलेला. रात्रभर डबीत राहूनही सकाळी तो चाळीस टक्क्यांवर. म्हणजे डबीतल्या सोनेरी टाचण्यांना त्याचा नीट स्पर्शच होत नव्हता. स्पर्श तुटला की बडला वाटे आपल्याला बाहेर काढलं. तो जागा होऊन फोनला जोडला जाई. डबीच्या भिंतीवरून प्रकाश परत आला की स्वतःला कानात समजे, जरा हलला की कानातून निघालो म्हणून पॉज धाडे. पर्समध्ये पडलेल्या डबीच्या तळाशी धागे, पावडर आणि मळ यांचा छान गालिचा झाला होता.

सफाईला महागडं काही लागत नाही. बड पुसायला चष्म्याचं कोरडं मऊ कापड. तेल निघत नसेल तर कापडाच्या कोपऱ्याला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब, तोही खिडकीला आणि बाहेरच्या अंगाला. स्पीकरच्या जाळीला अल्कोहोल लावू नका, मळ विरघळून आत जातो. जाळी कोरड्या मऊ ब्रशने, बड उलटा धरून झटका. डबीच्या टाचण्यांना कापसाची कोरडी काडी (तिलाही आपण इअरबडच म्हणतो, हा आणखी एक घोळ). सुईने किंवा सेफ्टी पिनने खरवडू नका. टाचणी आत अडकली असेल तर काडीने हलकं दाबून सोडा, ती परत वर आली पाहिजे. बडच्या बुडाचे संपर्कही पुसा, आणि अल्कोहोल वापरलं असेल तर दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवून मगच डबीत घाला. तिच्या डाव्या बाजूची टाचणी अशीच रुतली होती. काडीने दोनदा दाबल्यावर वर आली, आणि दुसऱ्या सकाळी डावा शंभर टक्के.

एवढं करूनही एकच बाजू बोटाच्या परीक्षेत नापास होत राहिली तर सेन्सर खरंच गेला असं धरा. वॉरंटी असेल तर तो बड बदलून मागा. नसेल तर ती सोय कायमची बंद करून टाका. नुकसान इतकंच की बड काढल्यावर गाणं हाताने थांबवावं लागेल, आणि विसरलात तर टेबलावर पडून ते बॅटरी खात राहतील. त्यासाठी नवे बड्स घ्यायची गरज नाही.