शिक्षिकेची दोन ओळींची ओळख

प्रश्न : मी नऊ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि आता डेटा विश्लेषणात जाऊ इच्छिते. एका टीम लीडना पाठवण्यासाठी लिहिले आहे : ‘मी अनुभवी व मेहनती शिक्षिका असून एक्सेल आणि एसक्यूएल शिकले आहे. माझ्यामुळे वर्गाची सरासरी २० पैकी ९ वरून १२ झाली. कृपया संधी द्यावी.’ सोबत चाचण्यांच्या विश्लेषणाची फाइल जोडली आहे. काय बदलू?

उत्तर : आपली फाइल मी पूर्ण पाहिली. तीत जे आहे, ते या दोन ओळींत आलेलेच नाही, याची मला हळहळ वाटते. ११८ विद्यार्थ्यांचे गुण प्रश्ननिहाय मांडून आपण दाखवले आहे की, शेकडेवारीचे नुसते आकडे दिले की बहुतेकांचे उत्तर बरोबर येते, पण तीच आकडेमोड शाब्दिक उदाहरणात आली की चुकते. एकूण गुण पाहून हे कधीच कळले नसते, आणि टीम लीडला नेमकी हीच नजर हवी असते.

सरासरीचे वाक्य मात्र काढावे. दुसरी चाचणी सोपी होती का, दोन्ही वेळा तेच विद्यार्थी बसले होते का, हे प्रश्न विश्लेषकाला लगेच सुचतात आणि त्यांची उत्तरे फाइलमध्ये नाहीत. ‘माझ्यामुळे’ हा शब्द तेथे टिकणार नाही. आपण घेतलेला निर्णय टिकेल. मी असे लिहीन :

‘मी नऊ वर्षे गणित शिकवते, ११८ विद्यार्थ्यांचे गुण प्रश्ननिहाय तपासल्यावर अडचण आकडेमोडीत नसून शाब्दिक उदाहरण समजण्यात आहे असे दिसले, म्हणून मी दोन आठवड्यांचे पाठनियोजन बदलले. हे विश्लेषण एक्सेल व एसक्यूएल दोन्हींत केले आहे. आपल्या टीममधील नवीन विश्लेषकाच्या कामाविषयी पंधरा मिनिटे बोलता येईल का?’

नोकरी मागितली की जागा नसल्यास उत्तर येत नाही. पंधरा मिनिटांना होकार देणे सोपे असते.

फाइल पहिल्या संदेशासोबत जोडू नये, मागितल्यावर पाठवावी, आणि त्याआधी एक काम न चुकता करावे. आपण विद्यार्थ्यांच्या नावांचा स्तंभ फक्त लपवला आहे. तो एका क्लिकने उघडतो. मूळ पान काढून टाकले तरी पिव्होट टेबलमध्ये त्याची प्रत राहू शकते, आणि त्यातील एखाद्या बेरजेवर दोनदा क्लिक केले की नावांसह नोंदी समोर येतात. मी आपल्या फाइलमध्ये तसे करून पाहिले, तेव्हा पूर्ण वर्गाची यादी उघडली. म्हणून नावांऐवजी नवे क्रमांक घालून, हजेरी क्रमांकही न ठेवता, तेवढाच तक्ता कोऱ्या फाइलमध्ये न्यावा आणि पिव्होट तेथे पुन्हा तयार करावे.