ग्रीक आओरिस्ट म्हणजे फक्त भूतकाळ नव्हे, ते कसं?

प्रश्न: नव्या करारातल्या कथनात आओरिस्ट हा ग्रीक क्रियापदाचा रूपप्रकार दिसला की सरळ भूतकाळ समजायचा ना? मग तो वेगळा का शिकवतात?

उत्तर: मार्क १२:४१-४४ उघडा. श्रीमंत लोक दानपेटीत पुष्कळ पैसे 'एबाल्लोन', म्हणजे टाकत होते. हा अपूर्ण भूतकाळ. मग गरीब विधवा येते आणि दोन लेप्टा, अगदी छोटी नाणी, 'एबालेन', म्हणजे टाकते. हा आओरिस्ट. दोन्ही घटना भूतकाळातल्याच. फरक पाहण्याचा आहे. पहिलीत रांग चालू दिसते, दुसरीत कृती अख्खी, एका नजरेत. म्हणून आओरिस्ट म्हणजे 'एकदाच घडलेलं' असंही समजू नका: ४४व्या वचनात येशू त्याच श्रीमंतांबद्दल 'एबालोन' म्हणतो. तेच दान, पण आता एकत्र बांधून पाहिलेलं. मला ही जागा फार आवडते.

भूतकाळ दाखवतो तो मुख्यतः सुरुवातीचा 'ए'. आज्ञार्थात तो नसतो, म्हणून प्रभूच्या प्रार्थनेतलं 'दोस', 'दे', हे आओरिस्ट असूनही मागणं पुढचंच.

आज्ञार्थ नसतानाही आओरिस्टचा काळ वर्तमान असू शकतो. मार्क १:११ मधलं 'एउदोकेसा' म्हणजे 'मी संतुष्ट आहे', 'होतो' नव्हे. आपणही वाटेत असतानाच 'आलो, आलो!' म्हणतो, तेव्हा रूप भूतकाळाचं असतं, पोचलेलो मात्र नसतो.