तारा लावण्याआधी चार चांगले दात काढायचे का?

*मुलगी १५ वर्षांची आहे. दात एकावर एक चढलेत. डॉक्टर म्हणतात चार छोट्या दाढा काढाव्या लागतील. एकही किडलेली नाही, मग का काढायच्या? दुसरा मार्ग नाही का?*

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे. तुमच्या मुलीचे एक्स-रे पाहिल्याशिवाय होय किंवा नाही सांगणं योग्य नाही. पण हा निर्णय मिलिमीटरच्या हिशेबावर होतो, आणि तो हिशेब तुम्हालाही समजून घेता येईल.

सुळ्याच्या मागची पहिली छोटी दाढ, म्हणजे प्रिमोलर, साधारण ७ मिमी रुंद असते. दोन्ही बाजूंची काढली की त्या जबड्यात १४ मिमी जागा मिळते. हीच दाढ निवडतात कारण ती गर्दीच्या अगदी जवळ असते आणि तिच्यामागे जवळजवळ तशीच दुसरी असते, त्यामुळे चावायला अडचण येत नाही. सुळा मात्र सहसा काढत नाहीत. त्याचं मूळ सगळ्यात लांब असतं आणि ओठाच्या कोपऱ्याला आधारही त्याचाच असतो.

आता एक उदाहरण घेऊ, नेहमी दिसणारं. खालच्या जबड्यात ८ मिमी जागा कमी आहे. शिवाय पुढचे दात बाहेर झुकलेत, तोंड मिटताना ओठ ताणावे लागतात आणि हनुवटीवर सुरकुत्या पडतात. म्हणून पुढचे दात २ मिमी मागे न्यायचेत. ते १ मिमी मागे जायला दोन्ही बाजूंना १-१ मिमी जागा लागते, म्हणजे यासाठी ४ मिमी. एकूण गरज १२. मिळाले १४. उरलेल्या २ मिमीत मागच्या दाढा दोन्हीकडून १-१ मिमी पुढे येतील. त्या आवरून धरल्या नाहीत तर याहून जास्त पुढे सरकतात आणि पुढच्या दातांसाठी ठेवलेली जागा खातात. मग दात काढूनही ओठ पुढेच राहतात. म्हणून डॉक्टरांना जरूर विचारा, "मागच्या दाढा कशाने धरणार?" अशा केसमध्ये अनेकदा हाडात छोटा मिनी-स्क्रू बसवतात.

याच उदाहरणात दात न काढता सरळ केले तर? रांगेत येताना ते आणखी बाहेर पडतील, साधारण ४ मिमी. खालच्या पुढच्या दातांसमोरचं हाड मुळातच पातळ असतं. मुळं त्या हाडाबाहेर ढकलली गेली की हिरडी खाली उतरते, दात लांब दिसायला लागतात. हे लगेच नाही, काही वर्षांनी कळतं.

पर्याय आहेत, पण प्रत्येकाला मर्यादा आहे. दातांच्या कडा किंचित घासून जागा करता येते. दोन दातांमध्ये जास्तीत जास्त अर्धा मिमी धरा, म्हणजे खालच्या पुढच्या सहा दातांत जेमतेम अडीच. मिनी-स्क्रूच्या आधाराने सगळी रांग मागे नेता येते, पण त्यासाठी शेवटच्या दाढेमागे हाड हवं आणि अनेकदा अक्कलदाढ काढावी लागते. वरचा जबडा रुंद करण्याचं यंत्र टाळूच्या मधल्या सांध्यावर काम करतं. तो सांधा वाढीच्या वयात उघडतो, तुमच्या मुलीच्या वयात कधी उघडतो, कधी नाही. खालच्या जबड्यातला सांधा मात्र पहिल्या वर्षातच जुळून गेलेला असतो, त्यामुळे तिथे 'रुंद करणं' म्हणजे दात बाहेर कलवणंच. त्यातून सुळ्यांमधलं अंतर वाढवलं तर ते बहुधा मूळ मापाकडे परत येतं.

हा वाद जुना आहे. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक मानले जाणारे एडवर्ड अँगल दात काढण्याच्या पूर्ण विरोधात होते. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी दात न काढता सरळ केलेल्या, पण पुन्हा बिघडलेल्या आपल्याच रुग्णांवर प्रिमोलर काढून परत उपचार केले.

माझं मत स्पष्ट आहे. जागा ४ मिमीपर्यंतच कमी असेल तर दात काढण्याची सहसा गरज नसते. १० च्या पुढे असेल तर काढणं टाळून मी धोका घेत नाही. ५ ते ९ च्या मधे चेहरा निर्णय घेतो. ओठ पातळ, नाक-हनुवटी ठळक आणि पुढचे दात आत झुकलेले असतील तर काढल्याने चेहरा सपाट दिसू शकतो, तिथे मी नकार देतो. 'दात काढले की जबड्याचा सांधा बिघडतो' हे मात्र अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही.

डॉक्टरांकडून दोन गोष्टी मागा: दोन्ही जबड्यांत किती मिमी जागा कमी आहे तो आकडा, आणि बाजूने घेतलेल्या एक्स-रेवर पुढच्या दातांचा झुकाव. मधल्या पट्ट्यातली केस असेल तर आधी तारा लावून दात सरळ करायला सुरुवात करा आणि काही महिन्यांनी झुकाव, ओठ, हिरडी पाहून ठरवा, असं विचारायला हरकत नाही. काढायचंच ठरलं तर मोकळी जागा महिन्याला साधारण १ मिमी भरते, आणि दात सरळ झाल्यावरही ते जागेवर धरून ठेवणारा रिटेनर लावावाच लागतो, दात काढले असोत वा नसोत.