रील प्रोफाइलवर दिसतं, पण नव्या लोकांपर्यंत जात नाही

तुमचं रील काढून टाकलेलं नाही, म्हणून ते प्रोफाइलवर आहे. इन्स्टाग्रामवर दोन वेगळ्या चाळण्या आहेत. अ‍ॅपवर राहू देण्याचे नियम एक, आणि अनोळखी लोकांना सुचवण्याचे नियम दुसरे, जास्त कडक. पहिल्यात पास झालेलं रील दुसऱ्यात अडकू शकतं.

आधी अकाउंट प्रायव्हेट नाही ना, ते बघा. प्रायव्हेट असेल तर रील सुचवलं जाणारच नाही. मग सेटिंग्जमध्ये Account Status उघडा. सुचवण्यायोग्य नसलेला मजकूर तिथे दाखवतात. निर्णय चुकीचा वाटला, तर बहुतेक वेळा तिथूनच फेरतपासणी मागता येते.

तुम्ही सांगितलंत की मिसळीचं रील आधी मोज अ‍ॅपवर टाकलं आणि तिथून डाउनलोड करून इन्स्टाग्रामवर चढवलं. माझा पहिला संशय तिथेच आहे, कारण कोपऱ्यात मोजचा लोगो राहतो. दुसऱ्या अ‍ॅपचा वॉटरमार्क असलेली रील्स इन्स्टाग्राम सहसा पुढे सुचवत नाही. पोस्ट केलेल्या रीलचा व्हिडिओ बदलता येत नाही. कॅप्शन बदलून लोगो थोडाच जाणार! फोनमधली मूळ फाइल शोधा, तीच नव्याने चढवा आणि जुनं रील काढा. लोगो झाकायला वर पट्टी लावू नका, चौकटीही सुचवण्याच्या आड येतात.

नंतर इनसाइट्समध्ये फॉलोअर नसलेल्यांचे व्ह्यूज बघा. ते वाढू लागले, तर अडचण बहुधा लोगोचीच होती. Account Status स्वच्छ असूनही ते वाढत नसतील, तर बहुधा रीलवर बंदी नाही, लोक ते पूर्ण न बघता पुढे सरकताहेत. तेव्हा सुरुवातीचे काही सेकंद पुन्हा एडिट करा आणि रील नव्याने चढवा.